चहा कामानंतर

मेश्राम साहेब चौकशीला कुणाच्याही घरी गेले, की आधी चपला काढत, सरळ जमिनीवर बसत आणि चहाला नाही म्हणत. घरातले लोक खुर्ची शोधायला धावत, शेजारून स्टूल मागवत. साहेब हात वर करून म्हणत, "बसलो जी मी. तुम्हीच उभे आहात." चहा आला तर म्हणत, "काम झाल्यावर." पाणी मात्र मागून घेत. चाळीस वर्षांच्या नोकरीत हा नेम त्यांनी मोडला नाही, असं ते सांगायचे. मी धंद्यातला माणूस असल्यामुळे स्वतःविषयी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीतून थोडं कापून घेतो. यातून काहीच कापता येत नाही, हे मला पुढे कळलं, कारण एक दिवस ते माझ्याच घरी येऊन जमिनीवर बसले.

ते प्रोबेशन अधिकारी होते. या नोकरीत काय असतं, ते मलाही ठाऊक नव्हतं. एखाद्या गुन्हेगाराला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं की नाही, हे ठरवताना न्यायाधीशाला त्या माणसाचं घर, गाव, शाळा, संगत यांची माहिती हवी असते. ती प्रत्यक्ष जाऊन गोळा करणारा आणि लिहून देणारा हा अधिकारी. साहेबांचे वडील भंडाऱ्याकडून जबलपूरच्या कारखान्यात मजुरीला आले, साहेब इथेच शिकले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी महाराजपुरात माझ्या घरासमोर घर बांधलं. उंच, वाळकी अंगकाठी, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. घरी मराठी बोलत, पण नातू हिंदीतच उत्तर देई. मग साहेब त्याला म्हणत, "बेटा, समजलं न तुला? बस, इतकं पुष्कळ झालं."

आमची ओळख भांडणातून झाली. जुने ट्रॅक्टर घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा माझा धंदा. आधारतालला माझं यार्ड आहे. तिथे जागा उरली नाही म्हणून मी दोन ट्रॅक्टर घरासमोर लावले, तर त्यातला एक त्यांच्या फाटकासमोर गेला. सकाळी ते आले. मी आवाज चढवला. तो माझा लवकर चढतो. मी वडिलांच्या पैशावर उभा राहिलेलो नाही. पाने आणि हातोड्या उचलत इथवर आलो, त्यामुळे कुणी मला नियम सांगितला की माझं डोकं फिरतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अच्छा. आणि त्याच्या आधी?"

"कशाच्या आधी?"

"तुम्ही घरून निघालेच रागात. माझं फाटक तर आता दिसलं तुम्हाला. त्याच्या आधी काय झालं?"

आधी बायकोशी वाजलं होतं. हे त्यांना कसं कळलं, कोण जाणे. मला हसू आलं. ट्रॅक्टर हलवला, चहा पाजला आणि पुढची सहा वर्षं रोज सकाळी सात वाजता साहेब माझ्या ओट्यावर चहाला येत राहिले. साखर दीड चमचा. अर्धा चमचा कमी पडला तर म्हणायचे, "आज सेठजींचा सौदा फिसकटलेला दिसून राहिला."

"त्याच्या आधी?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. पेपरात चोरीची बातमी असो, गल्लीतल्या कुणाची फारकत असो, मी कुणा गिऱ्हाइकाला शिव्या देत असो, त्यांचा प्रश्न हाच. मी वैतागून म्हणायचो, "साहेब, आधीचं कोण बघते? मशीन बंद पडली तर बंद पडली." ते म्हणायचे, "तुम्हीच बघता न. जुना ट्रॅक्टर घेताना किती शेतांत चालला, कोणी चालवला, ऑइल बदललं का, सगळं विचारता. मालकाच्या बोलण्यावर भाव देता का? मग माणसाचं काहून नाही विचारायचं?" यावर मी चहा आणखी मागवायचो.

मग माझ्या घरावर ते संकट आलं.

माझा धाकटा भाऊ विनोद चेरीतालला राहायचा. शाळेत गणित शिकवायचा. शांत माणूस, माझ्या अगदी उलट. एका दुपारी तो आणि त्याची बायको सुनंदा, दोघांना त्यांच्याच घरात लोखंडी टॉमीनं, चाक खोलायच्या दांड्यानं, मारण्यात आलं. मारणारा होता कमलेश. मझौलीच्या पुढच्या एका खेड्यातला, एकवीस वर्षांचा, माझ्या यार्डात दोन वर्षं मेकॅनिकच्या हाताखाली काम केलेला. विनोदचं घर त्याला ठाऊक होतं, कारण मीच त्याला तिथे सामान पोचवायला पाठवायचो. घर बंद असेल असं समजून तो चोरीला शिरला. विनोद घरीच होता. त्यानं कमलेशला ओळखलं. पुढचं मी लिहीत नाही. डॉक्टरनं कोर्टात घाव मोजून सांगितले तेव्हा मी तिथे बसलो होतो आणि ते आकडे मला अजून पाठ आहेत.

सेशन कोर्टात मी साक्ष दिली. सरकारी वकिलानं विचारलं, "याला कामावरून का काढलं?" मी म्हणालो, "चोरीसाठी. ट्रॅक्टरचा एक फ्युएल पंप चोरला होता." खटला चालला, कमलेश दोषी ठरला आणि त्याच दिवशी दुपारनंतर शिक्षाही झाली. त्याच्या वकिलानं दोन वाक्यं म्हटली: वय कमी आहे, पहिला गुन्हा आहे, गरीब आहे. न्यायाधीशांनी फाशी दिली. निकालात लिहिलं होतं, की असहाय जोडप्याला क्रूरपणे मारलं, विश्वासाचा घात केला, समाजाचं मन हादरून गेलं आणि आरोपी मुळातच चोर प्रवृत्तीचा आहे, कारण आधीच्या मालकाकडेही त्यानं चोरी केली होती. मी यार्डात पेढे वाटले. साहेबांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही; रुमालात गुंडाळून स्वेटरच्या खिशात ठेवला. मला वाटलं, साखर वाढली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणालो, "साहेब, आता लटकवतील न त्याला?"

"इतक्यात नाही जी. सेशन कोर्टाची फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय लागूच होत नाही. दोन न्यायमूर्ती बसतील, सगळं पुन्हा बघतील. आणि आपल्या कायद्यात खुनाला जन्मठेप हा नियम आहे, फाशी हा अपवाद. फाशी द्यायची तर न्यायाधीशाला खास कारणं लिहावी लागतात."

"दोन माणसं मेली, हे खास कारण नाही?"

साहेबांनी चहा खाली ठेवला. "ऐंशी साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी हे ठरवून दिलं. फाशी राहू द्या म्हणाले, पण दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणातच. नुसता गुन्हा बघायचा नाही, गुन्हेगारही बघायचा. एका बाजूला शिक्षा वाढवणाऱ्या गोष्टी: किती क्रूर, ठरवून केलं का, बळी कोण. दुसऱ्या बाजूला कमी करणाऱ्या: वय, मनाची अवस्था, कोणाच्या दबावात केलं का, सुधारेल का, पुन्हा समाजाला धोका होईल का. आणि सुधारणार नाही हे सरकारनं दाखवायचं. जन्मठेपेचा रस्ता पूर्ण बंद झाला, असं दिसलं तरच दोर."

"आणि समाजाचं मन?"

"ते तीन वर्षांनी आलं. दुसऱ्या निकालात पाच खण पाडून दिले: कसं मारलं, कशासाठी मारलं, समाजाविरुद्ध गुन्हा आहे का, किती जण मारले, आणि मेलेला कोण होता. समाजाचं मन इतकं हादरलं पाहिजे, की तो कोर्टाकडून फाशीचीच अपेक्षा करेल, असं म्हटलं. तेव्हापासून पुष्कळ कोर्टं हे पाच खण भरतात आणि गुन्हेगार बघायचा राहून जातो. नंतर सुप्रीम कोर्टानंच म्हटलं, की आपल्याकडून हे एकसारखं झालं नाही."

साहेबांना निकाल वाचायचा नाद होता. निवृत्तीनंतर लोक भजनाला जातात, हे निकाल वाचायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यातले काही कागद आणून मला दाखवले. एका निकालात पाच जणांना मारणाऱ्याला जन्मठेप, दुसऱ्यात एकाला मारणाऱ्याला फाशी. एका ठिकाणी बावीस वर्षांचा आरोपी, तर 'कोवळं वय, सुधारण्याला वाव' असं लिहून फाशी काढलेली. दुसऱ्या ठिकाणीही बावीसच, पण लिहिलेलं 'केवळ तरुण वय हे कारण होऊ शकत नाही', आणि फाशी कायम.

मी भडकलो. "म्हणजे ही लॉटरी आहे! एकाच कंपनीचा, एकाच सालचा ट्रॅक्टर, आणि या दुकानात एक भाव, त्या दुकानात दुसरा?"

"हो न जी. तेच दुखणं आहे."

"मग एकाला मारणारा लटकतो, तर माझ्या दोघांना मारणारा लटकलाच पाहिजे."

"आणि पाचांना मारणारा वाचतो, तर?"

त्या सकाळी साहेबांचा चहा थंड झाला. मी तो बदलून दिला नाही.

दोन महिन्यांनी एका रविवारी साहेब सकाळी सातऐवजी दहा वाजता आले. चपला ओट्याखाली काढल्या. ओट्यावर न बसता आत आले आणि बैठकीत जमिनीवर मांडी घालून बसले. बायकोनं चहा आणला. साहेब म्हणाले, "वहिनी, काम झाल्यावर."

मी तिथेच समजलो.

"तुम्ही? त्याच्या बाजूनं?"

"कोणाच्याच बाजूनं नाही. हायकोर्टानं कमलेशचे अहवाल मागवले आहेत: तुरुंगातल्या वागणुकीचा, मानसतज्ज्ञाचा आणि घरच्या परिस्थितीचा. आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं बजावलं, की ही माहिती खालच्या कोर्टानंच घ्यायला पाहिजे, शिक्षा द्यायच्या आधी. इथे घेतलीच नाही. त्याला वकील सरकारी मदतीतून मिळाला आहे. त्या वकिलीणबाई मला म्हणाल्या, घरचं तुम्ही बघाल का. मी म्हटलं, त्याचा मालक माझा शेजारी आहे. त्या म्हणाल्या, मग नका करू. मी विचार केला आणि हो म्हटलं."

"काहून?"

"दुसरा कोणी तुमच्याकडे येणार नाही म्हणून. पुलिसवाला तुम्हाला विचारेल तेच, जे तुम्ही कोर्टात सांगितलं."

मी त्यांना घराबाहेर काढलं. खरंच काढलं. चपलाही हातात दिल्या. गल्लीतल्या दोघातिघांनी पाहिलं. साहेब फाटकातून म्हणाले, "अच्छा, चलो. पुढच्या रविवारी येतो."

पुढच्या रविवारी आले. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या रविवारी मी अडवलं नाही, म्हणून ते आत येऊन बसले. मधल्या काळात ते मझौलीच्या पुढे कमलेशच्या गावी जाऊन आले होते. म्हणाले, "तीन तास अंगणात बसलो. कोणी बोलेना. मग त्याची माय बाहेर आली. पहिलाच प्रश्न: 'साहब, फाँसी कौन सी तारीख की है?' मी तारीख सांगायला आलो, असंच तिला वाटलं."

"मला नका सांगू हे सगळं."

"नाही सांगत."

"माझ्या विनोदबद्दल काय लिहिणार?"

"पहिल्याच पानावर लिहीन, की दोन माणसं गेली. विनोदभाऊ गणित शिकवत, सुनंदाताई शिवणाचे क्लास घेत, हे लिहीन. तुम्ही सांगाल ते सगळं लिहीन. कोर्टानं तुम्हाला काही विचारलं नाही, हा तुमचा राग मला माहीत आहे."

हा माझा राग होताच आणि आजही आहे. साक्षीदार म्हणून विचारलं, भाऊ म्हणून कोणी विचारलं नाही. साहेबांनी त्या दिवशी विचारलं. मी दोन तास बोललो. विनोद फळ्यावर उत्तर आधी लिहायचा आणि मुलांना म्हणायचा, आता इथे कसं यायचं ते शोधा. सुनंदाच्या हातचे भरडा वडे. साहेब लिहीत होते. मग त्यांनी पेन थांबवला.

"आता कमलेशचं. तुमच्याकडे कसा होता?"

"चोर होता. कोर्टात सांगितलं आहे."

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधी एक गोष्ट घडली होती. ती गोष्ट फक्त मला ठाऊक होती, आणि यार्डातल्या इब्राहिम मेकॅनिकला.

मी व्यापारी. गप्प राहायचं कधी आणि बोलायचं कधी, हे मला समजतं. मी म्हणालो, "साहेब, माझ्याकडे एक गोष्ट आहे. तुमच्या कामाची आहे. पण मी फुकट देत नाही. तुम्ही तुमच्या कागदात लिहा, की हा माणूस सुधारणार नाही. मग मी सांगतो."

साहेब हसलेसुद्धा नाहीत. "सेठजी, इथे भाव होत नाही. तुम्ही सांगितलं तरी मी जे दिसलं तेच लिहीन, नाही सांगितलं तरी जे दिसलं तेच. फरक इतकाच, की एक पान कोरं राहील. मी एकदा असं कोरं पान पाठवलेलं आहे."

आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी सहा वर्षांच्या चहात कधी निघाली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला दयेच्या अर्जासाठी एका फाशीच्या कैद्याच्या घरची माहिती त्यांच्याकडे मागवली होती. गाव नदीपलीकडे, नदीला पूर, आणि वरून तारीख आलेली. साहेबांनी ऑफिसात बसूनच एक ओळ लिहिली: 'उल्लेखनीय माहिती आढळली नाही.' अर्ज फेटाळला गेला. पूर ओसरल्यावर ते गेले, तर कळलं की त्या माणसाला लहानपणापासून झटके यायचे, गावच्या दवाखान्यात कागद पडून होते.

"लटकला?"

"नाही. अकरा वर्षं अंधारकोठडीत वाट बघितली. मग दयेच्या अर्जाला फार उशीर झाला म्हणून कोर्टानं जन्मठेप केली. उशिरामुळे वाचला, जी. माझ्यामुळे नाही. ज्याचा कागद लवकर हलला असता तो गेला असता." त्यांनी स्वेटरची बाही ओढली. "त्यानंतर मी घरात जातो आणि चहा नाही घेत. चहा घेतला की माणूस उठायची वेळ बघतो."

मी सांगितलं. कसं सांगितलं, ते आठवत नाही. पंप हरवला होता. मी यार्डात गिऱ्हाइकांसमोर कमलेशच्या कानाखाली वाजवली. तो म्हणत होता, "सेठ, डीज़ल में भिगोया था, कहीं पड़ा होगा, देख तो लीजिए।" गंजलेले भाग आम्ही डिझेलच्या पिपात भिजत घालतो. मी बघितलं नाही. त्याला तिथेच हाकललं, आणि आधारतालच्या चार मेकॅनिकांना फोन करून सांगितलं, की याला ठेवू नका. चार महिन्यांनी इब्राहिमनं शेडमागचं एक पीप उपसलं, तर तळाशी पंप. पुसून मी तो एका ट्रॅक्टरला बसवला आणि ट्रॅक्टर विकला. कमलेशला बोलावलं नाही. त्याला तेव्हा इथे कुठेच काम मिळत नव्हतं. त्यानंतर तीन महिन्यांनी तो चेरीतालला गेला.

"आता तुम्ही लिहाल, की माझ्यामुळे विनोद मेला," मी म्हणालो.

"नाही लिहिणार, कारण तसं नाही आहे. काम गेलेले हजार जण कोणाला मारत नाहीत. मारलं कमलेशनं. तो भोगेल." साहेबांनी पहिल्यांदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण निकालात लिहिलं आहे, की तो आधीपासून चोर. त्याचं एक वजन फाशीच्या पारड्यात टाकलं गेलं आहे. ते वजन खोटं आहे. इतकंच. गुन्हा पाच मिनिटांचा असते जी, माणूस एकवीस वर्षांचा असते. आपण एकवीस वर्षांतलं एक पान दुरुस्त करून राहिलो."

माझ्या वकिलानं सांगितलं, की प्रतिज्ञापत्र देऊ नका, खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावरच येईल. सरकारी वकील तर फोनवर ओरडला. घरात दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. प्रतिज्ञापत्र मी दिलं. काहून दिलं? साहेबांच्या शब्दाखातर दिलं, असं लिहिलं तर छान दिसेल. खरं कारण वेगळं आहे. माझ्या भावाच्या खुनाची शिक्षा माझ्या खोट्या शब्दावर उभी राहावी, हे मला चालेना. उद्या कोणी ते पीप उपसलं असतं तर?

हायकोर्टात मी मागच्या बाकावर बसलो होतो. अहवाल वाचले गेले. घरी बापाची मारहाण, पाचवीत सुटलेली शाळा, गिट्टीच्या क्रशरवर खडी फोडण्यात गेलेलं लहानपण. तुरुंगात एकही तक्रार नाही. बराकीतली पाण्याची मोटर हाच दुरुस्त करतो. मानसतज्ज्ञ म्हणाले, पश्चात्ताप दिसतो, पुढे धोका राहील असं दिसत नाही. सरकारी वकिलानं दोन मृतदेहांचे फोटो पुढे ठेवले आणि म्हणाला, पश्चात्ताप तुरुंगात सगळ्यांनाच होतो. तेही मला खरंच वाटलं.

फाशी कायम झाली नाही. जन्मठेप, आणि पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत सुटका नाही, कुठलीच सूट नाही. निकालात एक ओळ माझ्याविषयी होती: 'मृताच्या मोठ्या भावाच्या प्रतिज्ञापत्रामुळे चोर प्रवृत्तीचा निष्कर्ष टिकत नाही.' त्याच महिन्यात दुसऱ्या एका राज्यात जवळजवळ अशाच प्रकरणात फाशी कायम झाल्याचं पेपरात वाचलं. दोन माणसं, ओळखीचं घर, तेवीस वर्षांचा आरोपी. बातमीत शेवटी होतं, की आरोपीच्या बाजूनं कुठलीही माहिती कोर्टासमोर आली नाही.

मला आनंद झाला नाही, समाधानही झालं नाही. राग आला, आणि तो कुठेतरी ठेवायला हवा होता, म्हणून साहेबांवर ठेवला. सात वाजताचा चहा बंद केला. एका सकाळी ते फाटकाशी येऊन म्हणाले, "सेठजी, काम संपलं. आता तर चहा द्या." मी बायकोला म्हणालो, सांग घरी नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, कारण माझा आवाज फाटकापर्यंत पोचत होता. साहेब म्हणाले, "अच्छा, चलो," आणि गेले.

दोन महिन्यांनी त्यांची मुलगी आली. साहेब दवाखान्यात होते, फुफ्फुसात पाणी झालं होतं. तिला माझं तोंडही बघायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाली, "अंकल, पापा ने चाय के बारे में पूछा था।"

मी थर्मास घेऊन गेलो. स्वेटर नसलेले साहेब मी पहिल्यांदाच पाहिले. खांदे लहान मुलासारखे. ऑक्सिजनची नळी घटकाभर काढायला नर्सला विनवलं, दोन घोट पाजले. त्यांनी डोळे मिटून चव घेतली.

"साखर कमी आहे."

"दीडच घातली आहे."

"मग तुमचा राग गेला नाही अजून." हसताना त्यांना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "नका जाऊ देऊ. तुमचा हक्काचा आहे. मला एकच सांगा, ते दुसऱ्या राज्यातलं प्रकरण वाचलं?"

"वाचलं."

"त्याचाही कोणीतरी मालक असेल." एवढंच बोलले. मग झोप लागली. चार दिवसांनी गेले. अंत्यविधीला वस्तीतले लोक होते, आणि मागे उभी असलेली दोन-तीन माणसं मला अनोळखी होती. त्यातल्या एकानं सांगितलं, की साहेबांच्या कागदावर तो वीस वर्षांपूर्वी सुटला होता, आता पनागरला त्याचं सायकलचं दुकान आहे.

माझी तक्रार संपलेली नाही. विनोदला मारणारा जिवंत आहे, आणि पंचवीस वर्षांनंतर बाहेर येईल तेव्हा मी नसेन. एखाद्याचा जीव न्यायमूर्ती कोण बसले यावर टांगलेला असतो, हे पटत नाही. त्याहून वाईट म्हणजे, कोण बोललं आणि कोण गप्प बसलं यावर टांगलेला असतो. ज्याचा मालक बोलला तो वाचला, ज्याचा बोलला नाही तो गेला. यार्डात मी असा भाव लावला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार नाही.

गेल्या महिन्यात त्याच वकिलीणबाईंचा फोन आला. दुसरा कैदी, दुसरी फाशी, सिहोऱ्याकडचा. त्याचा जुना मालक गिट्टीचा ठेकेदार, दारात उभं करत नाही. "आपकी बात शायद सुन ले, आप भी धंधे वाले हैं।" मी म्हणालो, "मॅडम, माझ्या भावाला मारणाऱ्याला तुम्ही सोडवलं, आणि मलाच फोन करता?" मी फोन ठेवला, अर्ध्या तासानं पुन्हा लावला आणि पत्ता विचारला.

ठेकेदार माझ्यासारखाच निघाला. बुलेट, गळ्यात साखळी, चढलेला आवाज. म्हणाला, त्या हरामखोराबद्दल मला काही बोलायचं नाही, त्याला लटकवा. मी म्हणालो, "बरोबर आहे. मी फक्त बसतो." चपला काढल्या आणि अंगणात फरशीवर बसलो. गुडघे दुखले. त्यानं खुर्ची आणवली, मी नको म्हणालो. थोड्या वेळानं आतून चहा आला, वाफ निघणारा, वर वेलची. ठेकेदार म्हणाला, "लो भाई साहब, चाय तो पी लो।"

मी कप बाजूला सरकवला.

"काम झाल्यावर," मी म्हणालो. "आधी सांगा, तुमच्याकडे यायच्या आधी तो कुठे होता?"